बल्ब, बझर आणि दोन सेल: अकरा वर्षांच्या मुलांच्या सर्किट किटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीची मुलगी आमच्याकडे येते. ती यंदा अकरा वर्षांची झाली, म्हणून तिला बल्ब-बझरचं साधं किट आणून दिलं. ती दुकानाच्या ओट्यावर बसून जोडण्या करायची. मोटर टाकायला आलेले शेतकरी, शेजारपाजारचे आईबाप, एक-दोन शिक्षक तिथं थांबायचे आणि विचारायचे. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं लिहिली आहेत. सगळ्यात जास्त जागा एकाच प्रश्नाला दिली आहे, कारण किट हाती आलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्येक मूल तिथंच अडतं.

किट घेताना आत काय काय आहे ते पाहावं?

दोन पेन्सिल सेलचा डबा, टॉर्चचे दोन-तीन बल्ब, त्यांचे होल्डर, एक बझर, एक-दोन स्विच आणि टोकांना चिमटे लावलेल्या सात-आठ वायरी एवढं पुरे. खोका मोठा असला म्हणून किट चांगलं असं नाही.

बल्ब हातात घेऊन त्याच्या पितळी कडेवर कोरलेले आकडे वाचा. बारीक अक्षरात असतात, उजेडात धरावे लागतात. २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असेल तर तो बल्ब दोन सेलवर नीट चालतो. एका सेलचे दीड व्होल्ट, दोनांचे तीन, आणि बल्ब पेटला की सेलचा जोर थोडा उतरतो, त्यामुळे हिशेब बसतो. बझरवर मात्र ३ व्होल्टपासून चालतो असं लिहिलेलं हवं. काही बझर १२ व्होल्टचेच असतात. ते दोन सेलवर कुजबुजतात किंवा गप्प राहतात आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

किटऐवजी सुटं सामान घेतलं तरी चालतं. टॉर्च आता एलईडीच्या झाल्यामुळे हे बारीक बल्ब प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. शाळेच्या प्रयोगाचं सामान ठेवणाऱ्या स्टेशनरी दुकानात विचारा.

बल्बऐवजी एलईडी का नको? ती तर स्वस्त असते आणि टिकतेही.

एलईडी नंतर द्या. सुरुवातीला तारेचा बल्बच हवा, कारण काचेच्या आतली बारीक तार डोळ्यांना दिसते. करंट कमी असेल तर ती आधी लालसर होते, वाढला की पिवळी, पुरता मिळाला की पांढरी. म्हणजे किती करंट चाललाय हे मूल नुसतं बघून सांगू शकतं. एलईडी इतक्या थोड्या करंटवरही लागते की हा फरक झाकला जातो. शिवाय तिला रेझिस्टर लावावा लागतो आणि तो कशासाठी ते पहिल्या आठवड्यात समजावता येत नाही.

पहिल्या दिवशी काय करायला द्यावं?

होल्डर, स्विच, चिमटे सगळं बाजूला ठेवा. एक सेल, एक बल्ब आणि दोन्ही टोकं सोललेला एक वायरीचा तुकडा एवढंच द्या आणि बल्ब लावून दाखव म्हणा. एका सेलवर तो मंद लागेल, पण लागतो.

माझ्या भाचीनं आधी वायर सेलच्या टोपीला लावली आणि दुसरं टोक बल्बच्या बुडाला. बल्ब लागला नाही. "मामा, करंट तर गेला की आतमधी, मग लागंना का?" करंट आत गेला की काम झालं, असंच बहुतेक मुलांना वाटतं. घरात दिव्याला एकच वायर जाताना दिसते ना, त्या एका वायरीच्या आत दोन तारा असतात हे त्यांनी पाहिलेलं नसतं. तिला मी उत्तर सांगितलं नाही. दहा-पंधरा मिनिटं ती झटली. मग सेलच्या टोपीवर बल्बचं बूड टेकवलं आणि वायर सेलच्या तळापासून बल्बच्या पितळी कडेला लावली, तसा बल्ब लागला.

बल्बला दोन तोंडं असतात, एक बुडाचं आणि एक कडेचं, हे तिला तेव्हा कळलं. होल्डरमध्ये बल्ब फिरवून बसवला असता तर होल्डरनंच ते काम केलं असतं आणि तिच्या लक्षात आलं नसतं.

बल्ब आणि बझर एका रांगेत जोडले. बझर वाजतो, पण बल्ब लागत नाही. बल्ब उडाला आहे का?

नाही. सगळं ठीक आहे. आणि त्या किटमधली सगळ्यात मोलाची गोष्ट मुलाच्या हातात आत्ता आली आहे, म्हणून घाईनं जोडणी सोडवू नका.

आमच्याकडे हे असं झालं. भाचीनं सेलच्या डब्याची लाल वायर बझरच्या लाल वायरीला जोडली, बझरची काळी बल्बच्या होल्डरला, आणि होल्डरचं दुसरं टोक डब्याच्या काळ्या वायरीला. स्विच दाबला. बझर जोरात वाजला, बल्ब काळाच.

"मामा, बल्ब उडाला."

"मग बझर कशावर वाजायलाय?"

ती थांबली. जोडणीवरून बोट फिरवत गेली: सेल, बझर, बल्ब, परत सेल. एकच वाट. बल्बातली तार तुटली असती तर ही वाट तिथंच बंद झाली असती आणि बझरही गप्प बसला असता. म्हणजे करंट बल्बातून जातोय, तरी बल्ब लागत नाही. हे तिला पटेना, आणि पटू नये हे बरोबरच होतं, कारण तोपर्यंत तिच्यासाठी लाइट नाही म्हणजे करंट नाही.

मग मी तिला एक सुटी वायर दिली आणि म्हणालो, हिची दोन टोकं बझरच्या दोन टोकांना टेकव. तिनं टेकवली. बझर गप्प झाला आणि बल्ब लख्ख लागला. वायर उचलली की बझर वाजायचा आणि बल्ब विझायचा. तिनं हे वीस वेळा तरी केलं असेल. आता बल्ब चांगला आहे हे नक्की झालं. राहिला एवढाच प्रश्न, की बझर वाटेत असताना त्याला काय होतं.

उत्तर आकड्यांत आहे, आणि आकडे सोपे आहेत. दुकानातला मल्टिमीटर लावून आम्ही मोजलं. बल्बला पुरतं लागायला साधारण ३०० मिलिअँपिअर करंट हवा. आमच्या बझरला १८ मिलिअँपिअरच पुरत होता, आणि तो त्याच्याहून जास्त जाऊही देत नव्हता. एका रांगेत जोडल्यावर दोघांतून एकच करंट जाणार, तो म्हणजे १८. बझरचं त्यावर पोट भरतं. बल्बच्या दृष्टीनं ते जेवणातलं एक शित. त्याची तार त्यानं कोमटसुद्धा होत नाही, मग लाल कुठून होणार?

व्होल्टही मोजून पाहिले. दोन नव्या सेलचे मिळून ३.१ व्होल्ट होते. त्यातले ३.०८ बझरच्या दोन टोकांत आणि उरलेले ०.०२ बल्बच्या दोन टोकांत. थंड असताना बल्बच्या तारेचा रोध जेमतेम एक ओहम असतो. तो बझरला अडवतच नाही. म्हणून बझर असा वाजतो, जणू बल्ब तिथं नाहीच.

मल्टिमीटर नसला तरी काही अडत नाही. सुट्या वायरीचा खेळ पुरेसा आहे. तीच वायर बल्बच्या दोन टोकांना टेकवून बघायला सांगा. बझरच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, हेही मुलाच्या कानाला कळू द्या. तुमच्या बझरचा आकडा माझ्यापेक्षा वेगळा निघेल. कुणाचा दहाच्या आत असतो, कुणाचा तीसच्या आसपास. बल्ब मात्र एवढ्यावर लागत नाही.

बझरनं सगळा करंट वापरून टाकला आणि बल्बसाठी उरलाच नाही, असं सांगितलं तर चालेल का?

कृपा करून असं सांगू नका. ऐकायला सोपं वाटतं, पण ते चूक आहे, आणि एकदा डोक्यात बसलं की नववी-दहावीपर्यंत निघत नाही. कॉलेजात जाणारी मुलंही माझ्याकडे उभी राहून हेच बोलतात.

हे चूक आहे हे मुलाला स्वतःच पाहता येतं. जोडणीत बल्ब आणि बझर यांची जागा बदला. आता सेलच्या लाल वायरीकडून आधी बल्ब येतो, मग बझर. करंट वाटेत संपत असता, तर पहिल्या नंबरावर आलेला बल्ब लागायला हवा होता. तो लागत नाही. बझर तसाच वाजतो. माझ्या भाचीनं हे करायच्या आधी पैज लावली होती की बल्ब लागणार. हरली, आणि मग गप्प बसून बराच वेळ जोडणीकडे बघत राहिली.

दुसरा पुरावा दोन सारख्या बल्बांचा. ते एका रांगेत जोडा. दोन्ही मंद लागतात, पण सारखेच मंद. पहिला जास्त आणि दुसरा कमी असं होत नाही. थोडाफार फरक दिसला तर दोघांची अदलाबदल करून पाहा. फरक बल्बाबरोबर हलला तर तो बल्बाचा आहे, जागेचा नाही.

आपल्या भागातल्या मुलांच्या डोक्यात हे चुकीचं चित्र कुठून येतं, याचा मी विचार केला. शेतात ठिबक असते. नळीतून पाणी निघतं, प्रत्येक झाडापाशी थोडं गळतं, आणि शेवटच्या झाडापर्यंत कमी पोचतं. मूल सर्किटकडेही तसंच बघतं. पण वायरीतून वाटेत काहीच गळत नाही. जेवढा करंट सेलच्या एका टोकातून निघतो, तेवढाच दुसऱ्या टोकात परत येतो. त्यापेक्षा सायकलची चेन दाखवा. पायडल मारलं की चेन सगळीकडे एकाच वेगानं सरकते. मागच्या चाकापाशी चेनच्या कड्या काही कमी होत नाहीत, तरी चाक फिरतं आणि दम आपला जातो. सेलचंही तसंच आहे. संपतो तो सेलचा दम. करंट चेनसारखा फिरत राहतो.

भाचीनं यावर विचारलं, की मग बझर लावला की करंट कमी कसा झाला? उत्तर त्याच चेनमध्ये आहे. ब्रेक मागच्या चाकाला लावा, मंद होते ती सगळी चेन, ब्रेकच्या पुढची काय आणि मागची काय. बझर वाटेत कुठंही असो, सगळ्या वाटेतला करंट कमी होतो.

मग दोन्ही एकाच वेळी चालवायचे कसे?

दोघांना वेगळी वाट द्यायची. बझरची लाल वायर आणि बल्बचं एक टोक, दोन्ही सेलच्या लाल वायरीला. बझरची काळी आणि बल्बचं दुसरं टोक, दोन्ही सेलच्या काळ्या वायरीला. आता दोघांनाही पुरते तीन व्होल्ट मिळतात आणि जो तो आपल्याला हवा तेवढा करंट घेतो, बल्ब ३००, बझर १८. एक काढला तरी दुसरा चालू राहतो. शाळेच्या पुस्तकात पहिल्या जोडणीला एकसर आणि हिला समांतर म्हणतात. ही नावं मुलाला आता सांगा, दोन्ही गोष्टी करून झाल्यावर.

घरातलं वायरिंग समांतर असतं, म्हणून स्वयंपाकघरातला दिवा बंद केला तरी पंखा फिरत राहतो. दिवाळीची जुनी माळ एकसर असायची. एक बल्ब उडाला की सगळी माळ अंधारात, आणि मग उडालेला शोधत बसायचं.

इथं एक बारीक गोष्ट ऐकायला सांगा. बझर वाजत असताना बल्ब मध्येच जोडला की बझरचा आवाज किंचित पडतो. सेल जुने असतील तर चांगलाच पडतो. बल्ब भरपूर करंट ओढतो, तेवढा देताना सेलचे व्होल्ट उतरतात, आणि ते कानाला कळतं. गावाकडं कुणाची मोटर सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर डिम होतो, ते मुलानं पाहिलेलं असतं. दोन्हीमागचं कारण एकच.

बझर एकटा जोडला तरी वाजत नाही. काय बघायचं?

आधी वायरी उलट करा. बल्बला कुठलंही टोक कुठंही चालतं, बझरला चालत नाही. त्याची लाल वायर सेलच्या टोपीकडेच (अधिककडे) जायला हवी. उलट लावला तर तो नुसता गप्प राहतो, आणि दोन सेलवर क्षणभर उलट लावल्यानं सहसा बिघडत नाही.

उलटसुलट करूनही वाजत नसेल आणि जोडताना नुसती टिक् होत असेल, तर तो बझर वेगळ्या जातीचा आहे. बझर दोन जातींचे मिळतात. एकाच्या पोटात आवाज काढणारं छोटं सर्किट बसवलेलं असतं. तो सेलला लावला की वाजतो. दुसरा म्हणजे नुसती चकती. तिला करंट सतत चालू-बंद करत पुरवावा लागतो, तेव्हा ती वाजते. सेलवर ती एकदाच टिक् करते. बाहेरून दोघे सारखेच दिसू शकतात. मी पहिल्यांदा घेतलेल्या किटमध्ये अशी चकतीच निघाली होती. पोरीचा अख्खा रविवार त्यात गेला, आणि मला ते फार लागलं. म्हणून दुकानातच दोन सेल लावून वाजवून घ्या.

आता एकटा बल्बही लागत नाही, पण बझर मात्र वाजतो. असं कसं?

सेल उतरलेत. हा तोच धडा आहे, फक्त दुसऱ्या बाजूनं आलेला.

टॉर्चमधून काढलेला सेल आपण फेकत नाही. तो भिंतीवरच्या घड्याळात घालतो आणि तिथं तो आणखी कितीतरी महिने चालतो. टॉर्चला भरपूर करंट लागतो, घड्याळाला नावापुरता. जुना सेल थोडा करंट देऊ शकतो, जास्त मागितला की दमतो. बल्ब म्हणजे टॉर्च आणि बझर म्हणजे घड्याळ, असं सांगितलं की मुलाला लगेच कळतं. आमच्या आजीलाही कळलं.

मल्टिमीटर असेल तर नुसत्या सेलचे व्होल्ट बघून फसू नका. उतरलेला सेलही मोकळा असताना १.३ दाखवतो. बल्ब जोडून, तो जोडलेला असतानाच मोजा. आकडा एकच्याही खाली घसरला की तो सेल बल्बाच्या कामाचा राहिला नाही.

सेल नवे असूनही हेच होत असेल तर चिमटे बघा. पावसाळ्यात चिमट्यांच्या दातांवर आणि डब्याच्या स्प्रिंगवर गंज धरतो. गंजातून बझरपुरता करंट निघून जातो, बल्बपुरता निघत नाही. पॉलिश पेपरनं घासा.

हे सगळं घरातल्या लाइटवर करून पाहू द्यावं का?

नाही. कधीच नाही, तुम्ही शेजारी बसलेले असलात तरी नाही. बोर्डात २३० व्होल्ट असतात आणि त्यानं माणूस मरतो. दोन सेलवर बल्ब लावणाऱ्या मुलाच्या मनात येणारच, की सेलवर एवढा उजेड तर बोर्डावर किती! हे मनात येण्याआधीच बोला. किट उघडायच्या दिवशी मी भाचीला बोर्डाकडे बोट दाखवून सांगितलं, "तिथून मारलेला शॉक सोडत नाही, धरून ठेवतो." उन्हाळ्यात आपल्याकडे लोखंडी कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यातली एक तिला वाचून दाखवली. मूल घाबरेल म्हणून हे टाळू नका.

सेलवरही तीन गोष्टी सांभाळा. सेलची दोन टोकं नुसत्या वायरीनं एकमेकांना जोडायची नाहीत. त्यात बल्ब किंवा बझर नसेल तर करंटला अडवणारं कुणीच नसतं, वायर आणि सेल दोन्ही तापतात, बोट भाजतं. वायर गरम लागली की आधी सेल काढायचे, चूक नंतर शोधायची. वर सांगितलेला सुट्या वायरीचा खेळ बझर आणि बल्ब एका रांगेत असतानाच करायचा, आणि एका वेळी एकाच्याच टोकांवर, म्हणजे दुसरा वाटेत राहतो. बझर एकटा जोडलेला असताना तो करायचा नाही.

दुसरं, मोबाइलची किंवा खेळण्यातली लिथियमची बॅटरी वापरायची नाही. तिचा शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकते. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी या बल्बला लावली तर तो एकदा पांढरा फटक होऊन उडतो.

तिसरं, घरात लहान भावंडं असतील तर बटणासारखे चपटे सेल असलेलं किट आणूच नका. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेला काही तासांत भोक पाडू शकतो.

आमचा मुलगा टेस्टर सेलला लावून बघतो, पण तो लागत नाही. सेलमध्ये करंट नाही का?

आहे. टेस्टरच्या आत निऑनचा बारीक दिवा असतो आणि त्याला लागायलाच साठ-सत्तर व्होल्टच्या वर पाहिजेत. दीड व्होल्टच्या सेलवर तो कधीच लागणार नाही. मुलाचं निरीक्षण चांगलं आहे, त्याला तसं सांगा. आणि टेस्टर त्याच्या हातातून काढून वर ठेवा.

याचा शाळेत उपयोग होतो का? गणितं सुटतात का?

अकराव्या वर्षी गणितं सोडवायची गरज नाही. ओहमचा नियम पुढच्या इयत्तांत येतो. तेव्हा एकसर जोडणीत करंट सगळीकडे सारखा असं वाक्य पुस्तकात असतं आणि मुलं ते पाठ करतात. ज्यानं बझर-बल्बची अदलाबदल करून पैज हरलेली आहे, त्याला ते पाठ करावं लागत नाही. मूल आत्ता हे शिकतं की काहीतरी बंद पडलं तर अंदाज बांधायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. जोडणी करायच्या आधी काय होईल ते वहीत लिहायला लावा, एक ओळ पुरे. भाचीच्या वहीत पहिल्या आठवड्यात नऊपैकी चारच अंदाज बरोबर होते. चुकलेले पाच तिनं खोडलेले नाहीत, शेजारी खरं काय झालं ते लिहिलं आहे.

डब्यात जुने बल्ब पडलेत. कुठला चांगला, कुठला उडालेला, कसं ओळखायचं?

काचेतून तार तुटलेली दिसली तर दिसली. काच काळवंडली असेल तर दिसत नाही. तेव्हा तीच जोडणी पुन्हा करा, सेल, बझर आणि बल्ब एका रांगेत. बल्ब लागणार नाहीच, पण बझर वाजला तर बल्बची तार शाबूत आहे, गप्प राहिला तर उडाला. बिघडलेली वाटलेली जोडणी अशी तपासणीचं हत्यार होते. यात करंट इतका थोडा असतो की दीड व्होल्टचा नाजूक बल्बसुद्धा तपासताना उडत नाही.

बल्बाच्या जागी दोन मोकळे चिमटे ठेवले की काहीही तपासता येतं: तुटकी वायर, फ्यूजची तार, स्विच, चमचा, पेन्सिलीचं शिसं. शिशावर बझर वाजतो, बल्ब मात्र मंदावतो किंवा लागतच नाही, आणि का ते मूल आता स्वतः सांगतं. तपासायची वस्तू बोर्डापासून पूर्ण सुटी केलेली हवी, एवढी अट कडक ठेवा.

माझ्या दुकानात यालाच सिरीज बोर्ड म्हणतात. मोठा बल्ब एका रांगेत घालून मी मोटरचं वाइंडिंग तपासतो. बल्ब पुरता पेटला तर वाइंडिंग शॉर्ट, मंद लागला तर ठीक, लागलाच नाही तर तार तुटलेली. भाचीनं तो बोर्ड रोज पाहिला होता, पण तिला तो कळला या सुट्टीत. गावी जायच्या आदल्या दिवशी तिनं गल्ल्याशेजारचा बल्बांचा डबा ओट्यावर पालथा केला आणि आपल्या बझरनं एकेक तपासत दोन ढिगाऱ्या लावल्या. अकरा बल्ब होते. मी तीन टाकून द्यायला काढले होते, त्यातल्या एकावर बझर वाजला.